भाडेकरारातील मोघम शब्द आणि हाताने लिहिलेली दुरुस्ती: दोन वेगळे प्रश्न

भाडेकरारावरून वाद झाला की दोन प्रश्न हमखास एकमेकांत मिसळले जातात. एखाद्या अटीचा अर्थ नेमका काय, हा पहिला प्रश्न. छापील अट आणि शेजारी पेनाने लिहिलेली ओळ यांचा मेळ बसत नसेल, तर त्यांपैकी कोणती धरायची, हा दुसरा. पहिल्यात मजकूर एकच असतो, पण तो संदिग्ध असतो. दुसऱ्यात दोन्ही मजकूर स्पष्ट असूनही परस्परविरुद्ध असू शकतात.

समजा, सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरची एक शेड टॉवेल विणणाऱ्या कारखानदाराने दरमहा १८,००० रुपये भाड्याने घेतली. मालकाने आणलेल्या छापील करारात ‘जागेची दुरुस्ती भाडेकरूने करावयाची आहे’ अशी अट आहे. सहीच्या वेळी बोलणे होऊन समासात हाताने लिहिले गेले, ‘छताचे पत्रे बदलण्याचा खर्च मालक करतील’, आणि त्यापुढे दोघांनी लघुसह्या केल्या. पुढे वळवाच्या पावसात गंजलेले पत्रे गळू लागले, सूत भिजले आणि पत्रे बदलण्यासाठी ६०,००० रुपयांचा खर्च निघाला.

पत्र्यांपुरते उत्तर सरळ आहे. छापील नमुना कोणत्याही जागेसाठी वापरता येतो, पण हाताने लिहिलेली ओळ याच जागेचा आणि याच दोघांचा विचार करून लिहिलेली असते, म्हणून पक्षकारांचा खरा हेतू तिच्यातून अधिक स्पष्ट होतो असे न्यायालये मानतात. मात्र यामुळे छापील अट सगळीच बाद होत नाही. न्यायालय आधी दोन्ही मजकूर एकत्र वाचून मेळ बसतो का ते पाहते, आणि जिथे तो बसतच नाही तेवढ्यापुरताच हाताचा मजकूर वरचढ ठरतो. म्हणून भाडेकरूच्या वापराने बिघडलेले नळ किंवा मोडलेली कडी यांची जबाबदारी त्याच्यावरच राहते.

आता पत्र्यांखालचे लोखंडी अँगलही सडलेले निघाले, तर हाताने लिहिलेली ओळ स्वतःच संदिग्ध ठरते आणि आपण पहिल्या प्रश्नाकडे परत येतो. ‘पत्रे बदलणे’ यात अँगल धरायचे की नाही, हे हाताने लिहिले आहे एवढ्यावरून ठरत नाही. त्यासाठी संपूर्ण करार, त्या ओळीचा उद्देश आणि मागची कायद्यातील तरतूद पाहावी लागते. विरुद्ध करार नसेल तर जागा राहण्यायोग्य अथवा वापरण्यायोग्य स्थितीत ठेवण्याची जबाबदारी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार मालकावर असते. अँगलशिवाय पत्रे टिकणार नाहीत, हा युक्तिवाद इथे भाडेकरूच्या उपयोगी पडेल. एवढे करूनही संशय उरलाच, तर मजकूर ज्याने तयार केला त्याच्याविरुद्ध अर्थ घेण्याचा नियम लागू होतो. हा उपाय शेवटचा आहे. ‘शंका आली की भाडेकरू जिंकला’ असे मानणारे पुष्कळ जण भेटतात, पण ते बरोबर नाही. शिवाय वादाची ओळ इथे दोघांनी बोलून लिहिली असल्याने त्या नियमाला फारसे वजन उरत नाही.

मालकाने दुर्लक्ष केले, तर त्याच कलमाखाली किमान १५ दिवसांची रास्त मुदत देणारी लेखी नोटीस पाठवून भाडेकरूला दुरुस्ती करून घेता येते आणि खर्च भाड्यातून वळता करता येतो, मात्र एका वर्षात वार्षिक भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. इथे वार्षिक भाडे २,१६,००० रुपये होते, म्हणून त्या वर्षीची मर्यादा ५४,००० रुपये. संपूर्ण ६०,००० एकदम कापून घेतले, तर उरलेल्या ६,००० रुपयांसाठी भाडे थकवल्याचा आरोप ओढवून घेतला जाईल.

हे सगळे एका गृहीतावर उभे आहे: ती ओळ सहीच्या वेळी तिथे होती. एकाच पक्षाने नंतर गुपचूप लिहिलेली ओळ करार बदलत नाही, उलट महत्त्वाच्या अटीत असा फेरफार करणाऱ्याचाच हक्क धोक्यात येतो. म्हणून दोन्ही प्रतींत तोच मजकूर आहे का आणि शेजारी दोघांच्या लघुसह्या आहेत का, हे आधी पाहावे. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम २० नुसार खाडाखोड किंवा ओळींमध्ये घातलेला मजकूर करून देणाऱ्यांनी साक्षांकित केलेला नसेल, तर दुय्यम निबंधक दस्त नाकारू शकतात. दस्त स्वीकारला, तर अशा बदलांची टीप नोंदीत केली जाते. वाद झाल्यास ही टीप फार मोलाची ठरते.

ऑनलाइन नोंदवलेल्या करारात समासच उरत नाही. छापून घेतलेल्या प्रतीवर पेनाने काहीही लिहिले, तरी नोंदणी झालेला दस्त जसाच्या तसा राहतो. अशा वेळी बदल हवा असेल तर दोघांच्या सह्यांचा वेगळा दुरुस्ती लेख करून त्याचीही नोंदणी करावी लागते.