सोन्याचे बाजारनिर्माते (लंडन)

सोन्याच्या घाऊक बाजारात खरेदी आणि विक्री असे दोन्ही भाव सतत द्यायला तयार असणाऱ्या संस्थांना बाजारनिर्माते म्हणतात. या बाजाराचे मुख्य ठाणे लंडन. तिथे शेअर बाजारासारखे एक्स्चेंज नाही. सौदे थेट दोन पक्षांत होतात. एचएसबीसी, जेपी मॉर्गन, यूबीएस अशा बुलियन बँका हे काम करतात. त्यांची संघटना, लंडन बुलियन मार्केट असोसिएशन, १९८७ साली स्थापन झाली. बहुतेक सौद्यांत सोने जागचे हलत नाही, फक्त खात्यातील नोंद बदलते.

भाव डॉलरमध्ये, एका ट्रॉय औंसाला (३१.१०३५ ग्रॅम) सांगतात. हाजर सौद्याचा हिशेब दोन कामकाजी दिवसांनी मिटतो. भाव ठरवताना डीलरची नजर न्यूयॉर्कच्या कोमेक्स या एक्स्चेंजवरच्या वायद्यावर असते, कारण झटपट आणि उघड व्यवहार तिथे होतात. वायदा आणि लंडनचा हाजर भाव यांतल्या फरकाला बाजारात ईएफपी म्हणतात, आणि त्याचाही दुतर्फा भाव असतो.

आकडे काल्पनिक घेऊ. वायदा २००९.०० ला विकता आणि २००९.२० ला विकत घेता येतो, ईएफपी ८.९० ते ९.१० आहे. वायद्याच्या खालच्या भावातून ९.१० वजा केले की हाजर खरेदीभाव १९९९.९० येतो; वरच्या भावातून ८.९० वजा केले की विक्रीभाव २०००.३०. आता एखाद्या रिफायनरीला ५,००० औंस विकायचे आहेत. डीलर तिला १९९९.८० सांगतो आणि सौदा होताच १०० औंसांचे ५० वायदे विकून टाकतो. ईएफपी जागेवर राहिला, तर त्याला औंसामागे दहा सेंट, म्हणजे ५०० डॉलर सुटतात. नफा हा एवढाच. सोने चढेल की पडेल, यावर त्याची कमाई अवलंबून नसते, हे बाहेरच्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. ग्राहकाची पत, सौद्याचा आकार आणि बाजाराची वेळ पाहून ही दहा सेंटची फट कमीजास्त होते.

खरी जोखीम ईएफपीत उरते. मार्च २०२० मध्ये विमाने थांबली, स्वित्झर्लंडमधल्या तीन मोठ्या रिफायनऱ्या बंद पडल्या. लंडनच्या विटा सुमारे ४०० औंसांच्या, कोमेक्सला मात्र १०० औंसांच्या किंवा किलोच्या लागतात. वितळवून नव्याने ओतायची सोय फारच कमी उरली. २४ मार्चला फरक काही काळ औंसामागे ५० डॉलरच्याही पुढे गेला. वरच्या डीलरचा ईएफपी ९ वरून ५९ वर गेला असता, तर ५०० डॉलर नफ्याच्या सौद्यावर कागदोपत्री अडीच लाख डॉलरचा तोटा दिसला असता. त्या दिवसांत डीलरांनी खरेदी-विक्रीतली फट कित्येक पटींनी रुंदावली आणि काहींनी मोठ्या रकमेचे भाव देणेच टाळले.

भारतात आयात करणाऱ्या बँका लंडनच्या भावावर औंसामागे काही डॉलर प्रीमियम लावून सराफांना भाव देतात. त्यावर आयात शुल्क आणि रुपयाचा दर चढतो. स्थानिक मागणी मंदावली की झवेरी बाजारात हाच प्रीमियम उलटून डिस्काउंट होतो.