दोन रुपयांचा शेअर विकायचा कोणाला?

शेअरचा भाव दोन रुपये आहे, एवढ्यावरून तो स्वस्त ठरत नाही. कंपनीचे १०० कोटी शेअर असतील, तर या भावाने बाजार तिची किंमत २०० कोटी रुपये लावत असतो. उलट २,००० रुपये भावाचे ५ लाख शेअर असलेल्या कंपनीची किंमत १०० कोटीच भरते.

खरी अडचण विकताना येते. व्यवहार अगदी तुरळक असलेल्या शेअरमध्येही २०,००० रुपयांत १०,००० शेअर बहुधा सहज मिळतात, कारण ते गळ्यात मारणारा तयारच असतो. भाव उतरू लागला, की दिवसाला पाच टक्के चढ-उताराची मर्यादा असलेला हा शेअर १ रुपया ९० पैशांवर लोअर सर्किटला अडकतो आणि त्या दिवशी त्याखालच्या भावाने सौदा होऊच शकत नाही. घेणारा नसेल, तर आपली ऑर्डर दिवसभर रांगेत राहून संध्याकाळी रद्द होते. ओळीने दहा लोअर सर्किट लागली, तर भाव सुमारे ४० टक्क्यांनी उतरतो आणि तोवर आपला एकही शेअर विकला गेलेला नसतो. भाव ठरावीक पातळीपर्यंत उतरताच शेअर विकायला लावणारी स्टॉप लॉस ऑर्डरही येथे उपयोगी पडत नाही, कारण तिलाही समोर घेणारा लागतोच.

व्यवहार असे तुरळक असले, की मोजकी खाती आपापसांत खरेदी-विक्री करून भाव आणि उलाढाल दोन्ही फुगवू शकतात. साधना ब्रॉडकास्टच्या प्रकरणात सेबीने मार्च २०२३ मध्ये अंतरिम आदेश काढला. त्यानुसार, २०२२ मध्ये यूट्यूबवर कंपनीविषयी खोट्या बातम्या देणारे व्हिडिओ पसरवले गेले, भाव चढला, आणि आधीपासून शेअर धरून बसलेल्यांनी चढ्या भावात ते विकले. त्या काळात छोट्या भागधारकांची संख्या सुमारे दोन हजारांवरून पंचावन्न हजारांवर गेली होती.

शेअर बाजारातून काढून टाकला जाण्याचा धोकाही असतो. बीएसईने ऑगस्ट २०१७ मध्ये, दहा वर्षांहून अधिक काळ व्यवहार स्थगित असलेल्या २०० कंपन्या यादीतून वगळल्या. सक्तीने वगळलेल्या कंपनीच्या प्रवर्तकांनी भागधारकांना रास्त मूल्य द्यावे, असा नियम आहे. मात्र प्रवर्तकच सापडत नसतील, तर तो कागदावरच राहतो. दिवाळखोरीत तर तेवढीही आशा नसते. डीएचएफएल या गृहकर्ज देणाऱ्या कंपनीचा शेअर जून २०२१ मध्ये व्यवहार थांबले तेव्हा सोळा-सतरा रुपयांवर होता, पण मंजूर आराखड्यात भागधारकांच्या वाट्याला शून्य आले.

म्हणून अशा शेअरची ऑर्डर देण्यापूर्वी घेणाऱ्यांच्या बाजूला किती शेअरच्या ऑर्डर लागल्या आहेत, शेअर एएसएम किंवा जीएसएम या देखरेखीच्या यादीत आहे का, आणि मागील तिमाहींत प्रवर्तकांचा हिस्सा घटला आहे का, हे पाहावे. ही माहिती शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते, आणि आमच्या कार्यालयात आल्यास आम्ही ती आपल्यासमोर उघडून दाखवू.