मधुमेहाविना रक्तशर्करा न्यूनता

मधुमेह नसलेल्या व्यक्तीच्या रक्तातील साखर लक्षणे उद्भवण्याइतकी खाली जाणे म्हणजे मधुमेहाविना रक्तशर्करा न्यूनता किंवा हायपोग्लायसेमिया. मधुमेहींमध्ये हे बहुधा औषधांमुळे घडते, त्यामुळे कारण शोधावे लागत नाही. इतरांमध्ये मात्र ते दुर्मीळ आहे. ‘शुगर लो झाली’ असे म्हणणाऱ्या बहुतेकांची साखर तपासली तर ती लो नसते.

निरोगी शरीर साखर सहजासहजी घसरू देत नाही. ती ८० मिलिग्रॅमच्या (दर १०० मिलिलिटर रक्तामागे, पुढील आकडेही याच मापात) आसपास आली की स्वादुपिंड इन्सुलिन कमी करू लागते. ७० च्या खाली ग्लुकागॉन आणि अ‍ॅड्रिनलिन ही संप्रेरके वाढतात आणि यकृत आपल्या साठ्यातली साखर रक्तात सोडते. हात थरथरणे, घाम फुटणे, धडधड, कडकडून भूक ही अ‍ॅड्रिनलिनशी निगडित लक्षणे आहेत. साखर आणखी उतरली की मेंदूची उपासमार सुरू होते: बोलणे अडखळते, वागणे विचित्र होते, दृष्टी धूसर होते, कधी झटका येतो. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण थरथर आणि धडधड चिंतेनेही होते, जागरणानेही होते. गोंधळलेपण आणि शुद्ध हरपणे डॉक्टर जास्त गांभीर्याने घेतात.

निदानासाठी अमेरिकी शल्यचिकित्सक अ‍ॅलन व्हिपल यांनी १९३० च्या दशकात मांडलेली त्रयी आजही वापरतात. लक्षणे असावीत, नेमक्या त्याच वेळी साखर कमी असावी, आणि साखर वाढवल्यावर लक्षणे जावीत. मधुमेह नसलेल्यांसाठी सर्वसाधारण मर्यादा ५५ ची धरतात. मोजणी प्रयोगशाळेत, शिरेतल्या रक्तावर व्हावी; घरगुती ग्लुकोमीटर कमी आकड्यांना पुरेसा विश्वासार्ह नसतो. प्रयोगशाळाही फसू शकते. नमुना तसाच पडून राहिला तर नळीतल्या रक्तपेशी साखर वापरत राहतात आणि अहवालात खोटी घसरण दिसते.

जेवणानंतर साधारण चार तासांच्या आत येणाऱ्या घसरणीला प्रतिक्रियात्मक न्यूनता म्हणतात. तिचे सर्वांत ठळक कारण जठराचे बायपास ऑपरेशन. अन्न जठरात न रेंगाळता थेट लहान आतड्यात उतरते, साखर झपाट्याने चढते, आतड्यातून जीएलपी-१ हे संप्रेरक भरपूर सुटते आणि इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त स्रवते. जेवणातली साखर संपते, इन्सुलिनचा अंमल मात्र टिकून राहतो.

हे पडताळण्यासाठी मिश्र भोजन चाचणी करतात. ज्या प्रकारच्या जेवणाने त्रास होतो तसेच जेवण देऊन पाच तास दर अर्ध्या तासाला रक्त घेतात. ग्लुकोजचे पाणी पाजून केलेली चाचणी येथे वापरू नये, कारण पूर्ण निरोगी माणसांतही अनेकांची साखर त्या पाण्यानंतर ५० च्या खाली जाते. तरीही अनेकांच्या फायलीत हीच चाचणी निदान म्हणून बसलेली असते.

समजा, दोन रुग्ण मिश्र भोजन चाचणी देतात. पहिल्याला तिसऱ्या तासाला थरथर सुटते, पण त्या क्षणी साखर ६८ भरते. त्रास खरा आहे, न्यूनता नाही. आता कारण इतरत्र शोधायचे. दुसऱ्या रुग्णाचे दोन वर्षांपूर्वी बायपास झाले आहे. तिची साखर उपाशीपोटी ९०, एका तासाला २१०, अडीच तासांनी ४४. ती प्रश्नांना भलतीच उत्तरे देते. त्याच नमुन्यावर इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड मोजतात. मग साखर देतात. पंधरा मिनिटांत ती भानावर येते. त्रयी पूर्ण झाली. साखर इतकी खाली असताना इन्सुलिन जवळपास शून्यावर असायला हवे, पण दोन्ही आकडे चढलेले आहेत. सी-पेप्टाइड शरीराच्या स्वतःच्या इन्सुलिनबरोबरच तयार होते. इंजेक्शनच्या इन्सुलिनने ते वाढत नाही. मधुमेहाची सल्फोनिलयुरिया गोळी मात्र दोन्ही वाढवते, म्हणून रक्तात तिचाही शोध घेतात.

उपचाराची सुरुवात ताटापासून होते: थोडे थोडे, वारंवार जेवण, साखर व मैदा कमी, प्रथिने व तंतू जास्त. पुरेसे न पडल्यास अकार्बोज देतात. ते पिष्टाचे पचन लांबवून साखरेचा चढ बोथट करते.

त्रास उपाशीपोटी किंवा पहाटे होत असेल तर शोधाची दिशा बदलते. तेव्हा रुग्णालयात ७२ तासांपर्यंत देखरेखीखाली उपवास करवतात, मुख्यतः इन्सुलिनोमा या स्वादुपिंडाच्या गाठीसाठी. उपाशीपोटी केलेले मद्यपान, अधिवृक्क ग्रंथींची अकार्यक्षमता, यकृताचा गंभीर आजार यांचाही विचार होतो. जेवणानंतरचाच त्रास असला तरी इन्सुलिनोमा पूर्णपणे नाकारता येत नाही. काही रुग्णांत ही गाठ आधी तशीच प्रकट होते.