दशासंधी: दोन महादशांमधला सांधा आणि त्याची तारीख

वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’त दशा, म्हणजे एकेका ग्रहाच्या अंमलाचा काळ, त्या ग्रहाने दिलेल्या आयुष्यावरून, आयुर्दायावरून काढतात आणि त्यांचा क्रम ग्रहबळावर ठरतो, त्यामुळे कोणत्या ग्रहानंतर कोणता येणार हे कुंडलीगणिक बदलतं. 120 वर्षांच्या विंशोत्तरी पद्धतीत मात्र नऊ ग्रहांचा क्रम पक्का आहे, म्हणून महादशांचे सांधेही नऊच. त्यांतल्या मंगळ-राहू, राहू-गुरू आणि शुक्र-रवी या तीन संधी विशेष त्रासदायक मानल्या गेल्या. कर्नाटकात कुज-राहू, राहू-बृहस्पती आणि शुक्रादित्य या नावांनी त्यांची शांत करतात.

समजा, चंद्र तुळेत 10 अंशांवर आहे, म्हणजे राहूचं स्वाती नक्षत्र, म्हणून जन्म राहूच्या महादशेत. स्वाती तुळेच्या 6 अंश 40 कलांपासून 20 अंशांपर्यंत. चंद्राने 13 अंश 20 कलांपैकी 3 अंश 20 कला, म्हणजे पाव नक्षत्र ओलांडलं आहे. राहूच्या 18 वर्षांतली पाऊण भोग्य उरते: साडेतेरा वर्षं. तिथे राहू-गुरू संधी येते.

ज्योतिषी तेवढाच एक दिवस पाहत नाहीत. महादशेचे नऊ ग्रहांमध्ये पोटभाग पडतात, त्या अंतर्दशा. पहिली अंतर्दशा स्वतः महादशास्वामीची असते, शेवटची क्रमात त्याच्या आधीच्या ग्रहाची. राहूत ती मंगळाची, 1 वर्ष 18 दिवसांची. तिलाच दशाछिद्र म्हणतात. आपल्या उदाहरणात ती वयाच्या 12 वर्षं 5 महिने 12 दिवसांना लागते. जाणारा ग्रह आपली उरलेली फळं इथे देऊन टाकतो असं मानतात, म्हणून मंगळ कोणत्या भावांचा स्वामी आहे ते आधी तपासतात. मग राहू आणि गुरू एकमेकांपासून षडाष्टकात, म्हणजे सहाव्या-आठव्या, किंवा द्विद्वादशात, म्हणजे दुसऱ्या-बाराव्या राशीत आहेत का हे बघतात. तसं असेल तर बदल खडबडीत समजतात. काहीजण सांध्याच्या अलीकडे-पलीकडे सहा-सहा महिने धरतात. ती वहिवाट आहे, गणित नव्हे.

खरी गोची तारखेची. राहूच्या दशेत जन्म असेल तर चंद्राची एक कला म्हणजे सुमारे 8 दिवस. जन्मवेळ 10 मिनिटांनी चुकली की चंद्र पाचेक कला सरकतो आणि संधी सव्वा ते दीड महिना हलते. वर्ष 365.25 ऐवजी 360 दिवसांचं धरलं तर हीच संधी 71 दिवस आधी येते.

राशिचक्राचा आरंभ कुठून धरायचा हे अयनांशावर ठरतं, आणि त्याचा फरक याहून मोठा. टिळक पंचांग रेवती पक्षाचं, तर लाहिरी अयनांश चित्रा पक्षाचा. दोन्हींत सुमारे 4 अंशांचं अंतर. वरचा चंद्र लाहिरीचा असेल तर रेवती पक्षाने तो तुळेच्या 14 अंशांवर जातो आणि राहूची भोग्य दशा 8 वर्षं 1 महिन्यावर येते. तेराव्या वर्षीची संधी आठव्या वर्षी! म्हणून शांतीचा मुहूर्त काढण्याआधी पत्रिका कोणत्या पक्षाची आणि वर्षमान कोणतं, हे विचारून घ्यावं. छापील पत्रिकेत वर्षमान बहुधा लिहिलेलं नसतं. दोन लागोपाठच्या महादशांच्या तारखांमधले दिवस मोजले की ते कळतं.