पैसा हलला नाही, तरी खर्च कसा झाला?

एप्रिल 2025 मध्ये पेटीएम चालवणाऱ्या वन97 कम्युनिकेशन्सने शेअर बाजाराला कळवलं, की संस्थापक विजय शेखर शर्मा यांनी त्यांना मिळालेले 2 कोटी 10 लाख ईसॉप, म्हणजे कर्मचाऱ्यांना दिले जाणारे शेअर ऑप्शन, स्वेच्छेने सोडले आहेत. यामुळे जानेवारी ते मार्च या तिमाहीत 492 कोटी रुपयांचा जादा खर्च दाखवावा लागेल, हेही त्याच खुलाशात होतं. वाचणारे चक्रावले. माणूस स्वतःहून हक्क सोडतोय, कंपनीने त्याला एक रुपया दिला नाही, एक शेअरही दिला नाही, आणि खर्च मात्र 492 कोटी! कंपन्यांचे हिशेबनीस हवेतून आकडे काढतात, असा निष्कर्ष मग अनेकांनी काढला. त्यांचा संताप समजू शकतो, पण आकडा हवेतला नाही. तो कुठून येतो हे पाहायचं तर आधी ऑप्शन म्हणजे काय दिलं जातं ते बघू.

कंपनी कर्मचाऱ्याला सांगते: आज आपला शेअर 100 रुपयांना आहे. तीन वर्षं आमच्याकडे काम कर, त्यानंतर ठरलेल्या मुदतीत कधीही तो 100 रुपयांनाच घे. भाव 300 झाला तर 200 रुपये सुटले. भाव 60 वर आला तर घेऊ नकोस, तुझं काही गेलं नाही. हा घेण्याचा हक्क आहे, सक्ती नाही.

आज भाव 100, ठरलेली किंमतही 100. म्हणजे आज दिलं किती? शून्य. अमेरिकेतला 1972 चा हिशेबाचा नियम नेमकं हेच म्हणत होता. बाजारभाव आणि ठरलेली किंमत यांतला देण्याच्या दिवशीचा फरक तेवढा खर्च धरायचा. मग कंपन्यांनी ठरलेली किंमत बरोबर त्या दिवसाच्या भावाइतकी ठेवायला सुरुवात केली आणि खर्च कायदेशीरपणे शून्य झाला.

यात चूक कुठे आहे ते जमिनीच्या व्यवहारात लगेच दिसतं. तुमच्या प्लॉटची आजची किंमत 50 लाख आहे. एक जण म्हणतो, चार वर्षांत कधीही मला वाटलं तर 50 लाखांनाच घेईन, नाही वाटलं तर सोडून देईन, आणि विसार म्हणून एक रुपयाही देणार नाही. तुम्ही त्याला दारातूनच परत पाठवाल. वाढीव भाव त्याच्या खिशात आणि घसरण तुमच्या गळ्यात, अशा करारालाच मोल आहे. आजचा फरक शून्य असला म्हणून ते मोल शून्य होत नाही.

पण किती मोल? मला या विषयात सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट इथे आहे, त्यामुळे जरा रेंगाळतो.

समजा शेअर आज 100 रुपयांना आहे आणि वर्षाने त्याचा भाव 120 किंवा 80 यांपैकी एकच होऊ शकतो. हिशेब सोपा राहावा म्हणून व्याजदर शून्य धरू आणि लाभांश नाही असं समजू. 100 रुपयांना शेअर घेण्याचा ऑप्शन वर्षअखेर एकतर 20 रुपयांचा असेल, नाहीतर शून्याचा. आता ऑप्शन बाजूला ठेवा आणि अर्धा शेअर विकत घ्या. त्याला 50 रुपये लागतात. त्यांतले 40 कर्जाऊ घ्या, 10 खिशातून घाला. वर्षाने भाव 120 झाला तर अर्धा शेअर 60 चा, कर्ज फेडून उरले 20. भाव 80 झाला तर अर्धा शेअर 40 चा, कर्ज फेडून उरलं शून्य. ऑप्शनमधून जे मिळणार होतं, तंतोतंत तेच. म्हणजे खिशातले 10 रुपये घालून ऑप्शन घरच्या घरी तयार करता येतो. मग त्याची किंमत 10 रुपयेच असली पाहिजे. जास्त असेल तर लोक तो विकून आणि अशी जोडणी करून फुकट पैसे कमावतील, कमी असेल तर उलटं करतील.

यात भाव वाढण्याची शक्यता किती, हे आपण कुठेच विचारलं नाही. ती 90 टक्के असो की 30, उत्तर 10 रुपयेच. ग्रहदशा पाहून बाजाराची दिशा सांगणाऱ्या ज्योतिषांना, आणि टीव्हीवर टाय लावून तेच काम करणाऱ्यांनाही, या गणितात काही काम उरत नाही.

काम आहे ते चढउताराला. हाच शेअर जास्त चंचल आहे, वर्षाने 140 किंवा 60 होईल, असं समजा. पुन्हा अर्धा शेअर, पण कर्ज 30 रुपयांचं, खिशातून 20. वरच्या बाजूला 70 वजा 30 म्हणजे 40, खालच्या बाजूला शून्य. किंमत झाली 20. आजचा भाव तोच, ठरलेली किंमत तीच, फक्त हेलकावा दुप्पट झाला आणि ऑप्शन दुप्पट महाग झाला. वर्षाचे हजारो बारीक तुकडे करून प्रत्येक तुकड्यात हीच जोडणी नव्याने करत गेलं, की ऑप्शनची किंमत काढण्याचं ब्लॅक आणि शोल्स यांचं 1973 मधलं सुप्रसिद्ध सूत्र मिळतं. वर सांगितलेला शून्याचा नियम त्याच्या फक्त एक वर्ष आधीचा.

आता मूळ प्रश्न. मोल आहे हे मान्य, पण कंपनीच्या तिजोरीतून काही गेलं नाही, मग खर्च कसला? यासाठी एकच व्यवहार दोन पायऱ्यांत करून पाहा. कंपनीने तेच ऑप्शन आधी बाहेरच्या गुंतवणूकदाराला 18 लाखांना विकले. रोख 18 लाख आत आली आणि भांडवल तेवढंच वाढलं. मग त्या 18 लाखांचा पगार कर्मचाऱ्यांना दिला. रोख गेली, आणि पगार खर्चात पडला. याला कोणीच हरकत घेणार नाही. दोन्ही मिळून रोखीत बदल शून्य. आता मधला गुंतवणूकदार काढून टाका आणि ऑप्शन थेट कर्मचाऱ्यांच्या हाती द्या. रोखीत बदल अजूनही शून्य. मग पहिल्या वाटेने 18 लाखांचा खर्च आणि दुसऱ्या वाटेने शून्य, असं कसं चालेल? खर्च म्हणजे पैसे जाणं नव्हे. कंपनीने श्रम घेतले आणि वापरून संपवले, तो खर्च आहे. त्याचं मोल जुन्या भागधारकांनी आपल्या मालकीतला हिस्सा देऊ करून चुकवलं.

म्हणूनच नोंद होते ती अशी: नफा-तोटा पत्रकात कर्मचारी खर्च वाढतो आणि ताळेबंदात भागधारकांच्या निधीतच ‘शेअर ऑप्शन्स आउटस्टँडिंग’ नावाचं खातं तेवढ्याच रकमेने वाढतं. नफा घटतो, राखीव निधी वाढतो, एकूण निधी जिथल्या तिथे राहतो. रोख प्रवाह पत्रकात ही रक्कम नफ्यात परत मिळवली जाते, कारण रोख खरंच गेलेली नसते.

आकड्यांत बघू. 100 कर्मचारी, प्रत्येकी 900 ऑप्शन, प्रत्येक ऑप्शनचं मोल 20 रुपये. एकूण 18 लाख. अट तीन वर्षांच्या नोकरीची, म्हणून खर्चही तीन वर्षांवर पसरतो. पहिल्या वर्षी कंपनीचा अंदाज असा, की शेवटी 90 जण टिकतील. 90 जणांचे 16 लाख 20 हजार, त्याचा तिसरा हिस्सा 5 लाख 40 हजार खर्चात. दुसऱ्या वर्षी अंदाज 85 वर आला. 15 लाख 30 हजारांचे दोन तृतीयांश म्हणजे 10 लाख 20 हजार. त्यातून आधी दाखवलेले वजा केले की या वर्षाचे 4 लाख 80 हजार. तिसऱ्या वर्षअखेर प्रत्यक्षात 80 जण उरले. एकूण खर्च 14 लाख 40 हजार, शेवटच्या वर्षी पडले 4 लाख 20 हजार. सोडून गेलेल्या 20 जणांचा खर्च अखेर शून्य.

माणसांचा अंदाज दरवर्षी सुधारला जातो, पण 20 रुपयांना कोणी हात लावत नाही. शेअर 500 वर गेला तरी 20, आणि 30 वर कोसळून सगळे ऑप्शन रद्दीत गेले तरी 20. मोल देण्याच्या दिवशी ठरलं आणि गोठलं. भाव पडल्यावर ‘खर्च झालाच नव्हता’ म्हणून तो परत घेता येत नाही, कारण काम तर झालेलं असतं.

पेटीएमचं कोडं याच नियमातून सुटतं. शर्मांनी एप्रिल 2022 च्या पत्रात भागधारकांना सांगितलं होतं, की कंपनीचं बाजारमूल्य आयपीओच्या पातळीवर टिकून राहिलं तरच त्यांना हे शेअर मिळतील. आयपीओचा भाव 2,150 रुपये होता, आणि ऑप्शन सोडेपर्यंत शेअर तिथे परत पोहोचला नव्हता. पण बाजारभावाशी बांधलेली अट हिशेबात वेगळी वागते. ती पुरी होण्याची शक्यता सुरुवातीलाच मोलात धरतात, त्यामुळे ऑप्शनचं मोल कमी निघतं. मात्र नंतर अट पुरी होवो न होवो, ठरलेला खर्च चालूच राहतो.

आणि नोकरी सोडणं वेगळं, ऑप्शन सोडणं वेगळं. नोकरी सोडली की आधी दाखवलेला खर्च उलटतो. नोकरीत राहून ऑप्शन सोडले, तर इंड एएस 102 या हिशेबाच्या भारतीय मानकानुसार पुढच्या वर्षांसाठी शिल्लक असलेला सगळा खर्च त्याच क्षणी दाखवावा लागतो. 492 कोटी ही ती शिल्लक होती, आणि पुढच्या वर्षांचा खर्च तेवढाच कमी झाला. हा नियम नसता, तर भाव पडलेली प्रत्येक कंपनी निरुपयोगी ऑप्शन रद्द करून उरलेला खर्च पुसून टाकू शकली असती.

हे सगळं सहजासहजी मान्य झालेलं नाही. अमेरिकेत 1993 मध्ये ऑप्शनचं मोल खर्चात दाखवण्याचा बदल सुचवला गेला तेव्हा सिलिकॉन व्हॅलीने मोठा दंगा केला, आणि 1994 मध्ये तिथल्या सिनेटने 88 विरुद्ध 9 मतांनी त्याविरुद्ध ठराव केला. एन्रॉन आणि वर्ल्डकॉम या बड्या अमेरिकी कंपन्या हिशेबातल्या घोटाळ्यांमुळे कोसळल्यावर वारं फिरलं, आणि 2004 मध्ये आंतरराष्ट्रीय व अमेरिकी, दोन्ही मानकांनी खर्च दाखवणं सक्तीचं केलं. भारतात जुन्या पद्धतीची मुभा आणखी काही वर्षं होती. इंड एएस लागू झालेल्या कंपन्यांसाठी ती 2016 पासून टप्प्याटप्प्याने संपली.

आता नवी पळवाट म्हणजे ‘ईसॉप खर्च वगळून नफा’. अनेक नव्या कंपन्या निकालाच्या पहिल्या पानावर हाच आकडा ठळक छापतात. घसारा वगळला तर निदान यंत्राचे पैसे पूर्वी कधीतरी गेलेले असतात. इथे चालू पगाराचा एक भाग वगळून नफा झाला म्हणायचं. शिवाय वाढलेली शेअरसंख्या खाली आणायला हीच कंपनी पुढे बायबॅक करते, म्हणजे स्वतःचेच शेअर परत विकत घेते, तेव्हा रोख खरोखर बाहेर जाते, पण ती नफा-तोटा पत्रकात दिसत नाही.

उलट बाजूने, छापलेला खर्चही जसाच्या तसा गिळू नये. कर्मचाऱ्याला ऑप्शन विकता येत नाही, त्यामुळे बरेच जण मुदतीआधीच शेअर घेऊन टाकतात. म्हणून सूत्रात करारातली मुदत न घालता अपेक्षित आयुष्य घालतात, आणि ते कंपनीच ठरवते. चंचलतेचा अंदाजही तिचाच. कंपनी सूचीबद्ध नसेल तर तो तिच्यासारख्या सूचीबद्ध कंपन्यांवरून उसना घेतात, आणि कुठल्या कंपन्या ‘आपल्यासारख्या’ हे पुन्हा तीच ठरवते. वार्षिक अहवालातल्या ईसॉपच्या टिपेत अपेक्षित चंचलता, अपेक्षित आयुष्य, व्याजदर आणि लाभांश हे चार आकडे छापलेले असतात. चंचलता गेल्या वर्षीपेक्षा एकदम खाली आली असेल आणि शेअर मात्र पूर्वीसारखाच उड्या मारत असेल, तर नफ्याचा थोडा भाग तिथून आलेला आहे.