टायमरनं उडालेला फोटो आणि न उघडणारा फोटो: गेलेलं गणित शोधायचं कुठं

"टीचर, फोटो गेला ओ" असं कोण म्हटलं की मी आधी एकच विचारते, मेसेज गेलाय की फोटो गेलाय? पोरांना हा प्रश्न उगाचचा वाटतो, कारण गणित दोन्हीकडं दिसत नाहीच. पण वहीवर लिहिलेलं गणित, त्याचा मोबाईलवर काढलेला फोटो, आणि कोणी सोडवायच्या आधीच तो ग्रुपवरून गायब, हे व्हॉट्सॲपवर दोन अगदी वेगळ्या कारणांनी होतं आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. पोरं नेमकं उलटं करतात, जिथं शोधून काही मिळणार नाही तिथं तासभर शोधतात आणि जिथं "परत पाठव की" एवढं म्हटलं की काम होतं तिथं गप्प बसतात.

ओळखायचं कसं ते आधी. ग्रुप उघडून जिथं फोटो होता तिथंपर्यंत वर जा. तिथं काहीच नसेल, म्हणजे आधीचा मेसेज आहे नंतरचा आहे आणि मधला जणू आलाच नव्हता, तर तो टायमरनं, म्हणजे ठरलेल्या वेळेनं मेसेज आपोआप पुसणाऱ्या सोयीनं गेलाय. ग्रुपच्या नावावर टिचकी मारून `Disappearing messages` बघा, तिथं २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस यातलं काहीतरी चालू असणार. याउलट फोटोची चौकट जागेवर आहे, आत धुरकट काहीतरी दिसतंय, खाली पाठवणाऱ्यानं लिहिलेली ओळ पण आहे, फक्त टिचकी मारली की फोटो येत नाही, तर मेसेज शाबूत आहे आणि फाईल तेवढी हरवलीय. तिसरं एक असतं, `This message was deleted` अशी ओळ. ते पाठवणाऱ्यानं स्वतः सगळ्यांसाठी पुसलेलं, त्यात शोधाशोध नको, सरळ त्यालाच विचारा. टायमर अशी ओळ मागं ठेवत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मा गोंधळ जातो.

आता टायमरचं. हे सुरू झालं २०२० च्या शेवटी, तेव्हा फक्त ७ दिवस होतं, मग २०२१ च्या डिसेंबरात २४ तास आणि ९० दिवस आले. यातली पोरांना न कळणारी गोष्ट म्हणजे घड्याळ मेसेज पाठवल्यापासून चालतं, तुम्ही बघितल्यापासून नाही. खानापूर तालुक्यात जांबोटी, कणकुंबीकडं पावसाळ्यात करंट गेला की रेंजचं पण काही खरं नसतं, पोरगं दोन दिवसांनी ग्रुप उघडतं तोवर २४ तासांचा फोटो येऊन गेलेला असतो, त्यानं बघितला पण नाही आणि त्याला वाटतं कोणी मुद्दाम काढला. शिवाय ग्रुपमध्ये ॲडमिननं बंद केलं नसेल तर कोणीही मेंबर हा टायमर लावू शकतो, लावला की तशी एक ओळ ग्रुपमध्ये येते, पण ती वाचतंय कोण.

टायमरनं गेलेला मेसेज परत आणता येत नाही. बॅकअप घेताना तो मेसेज होता म्हणून बॅकअपमध्ये असेलही, पण बॅकअप परत लावला की तिथंही तो पुसला जातो. म्हणून व्हॉट्सॲप काढून परत टाकायचा उद्योग एका गणितासाठी करू नका, शेवटच्या बॅकअपनंतर आलेले बाकीचे मेसेज तेवढे जातील. शोधायचं ते ग्रुपच्या बाहेर. पाठवणाऱ्यानं फोटो फोनच्या कॅमेऱ्यानं काढून मग ग्रुपला जोडला असेल तर मूळ फोटो त्याच्या गॅलरीत तसाच असतो, टायमरचा हात तिथं पोचत नाही. व्हॉट्सॲपच्या आतूनच काढला असेल तर मात्र त्याच्यावर भरवसा ठेवू नका. दुसरी जागा म्हणजे कोणी तो फोटो टायमर नसलेल्या दुसऱ्या ग्रुपला फॉरवर्ड केला असेल ती, तिथं तो राहतो. तिसरी जागा रिप्लायची. फोटोखाली कोणी गणित टाईप केलं असेल आणि त्याला धरून दुसऱ्यानं उत्तर दिलं असेल तर मूळ मेसेज गेल्यावरही रिप्लायमधला तो तुकडा कधीकधी मागं राहतो.

आणि अजून वेळ असेल तर, म्हणजे फोटो समोर दिसतोय पण सोडवायला उद्या बसणार, तर तो मेसेज दाबून धरा आणि `Keep` करा. २०२३ पासून ही सोय आहे, ॲडमिननं बंद केलं नसेल तर ग्रुपमधला कोणीही करू शकतो, मात्र पाठवणाऱ्याला ते कळतं आणि त्यानं नको म्हटलं तर त्याचंच चालतं. स्क्रीनशॉट तर आहेच. टायमर नंतर बंद करून मात्र उपयोग नाही, तो बदल पुढच्या मेसेजना लागू होतो, आधी आलेल्यांचं घड्याळ चालूच राहतं.

दुसरा प्रकार, न उघडणारा फोटो, हा खरं तर बरा, कारण यात काहीतरी हातात राहतं. हे होतं दोन कारणांनी. एक म्हणजे तुम्ही फोटो वेळेत डाऊनलोडच केला नाही. व्हॉट्सॲप आपल्या सर्व्हरवर फोटो कायमचे ठेवत नाही, थोडे दिवस ठेवतं आणि काढून टाकतं, मग चौकट राहते आणि टिचकी मारली की पाठवणाऱ्याला परत पाठवायला सांगा अशा अर्थाची ओळ येते. दुसरं म्हणजे फोटो डाऊनलोड झाला होता पण फोन भरला म्हणून कोणीतरी गॅलरी साफ केली, बहुतेक घरातलाच दादा किंवा काका, गुड मॉर्निंगच्या फोटोंबरोबर गणितं पण गेली. फरक ओळखायला सोपं आहे, हा फोटो तुम्ही आधी एकदा मोठा करून बघितला होता काय ते आठवा. बघितला होता तर दुसरं कारण, आणि मग गुगल फोटोजचा बिन आधी बघा. बॅकअप झालेला फोटो तिथं ६० दिवस राहतो, न झालेला नव्या अँड्रॉइडवर ३० दिवस. व्हॉट्सॲपच्या आतून डिलीट केलेला मात्र त्या बिनमध्ये शोधत बसू नका.

कधीच डाऊनलोड झाला नसेल तर तुमच्या फोनमध्ये तो नाहीच. तेव्हा पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये बघायचं, गॅलरीत नाही मिळाला तर फाईल मॅनेजरमधून इथं जायचं:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Images/Sent
```

नावं `IMG-20240612-WA0007.jpg` अशी असतात, मधले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस, त्यामुळं तारीख माहीत असली की पटकन सापडतो. ग्रुपमध्ये पंचवीस पोरं असतील तर त्यातल्या कोणीतरी तो वेळेत उघडलेला असतोच, त्याच्याकडून घेतला तरी चालतं.

हे सगळं करूनही नाही मिळाला तर? तर धुरकट चौकटीकडं नीट बघायचं. माझ्याकडं दहावीला येणारी एक पोरगी, तिच्या मैत्रिणीनं पाठवलेलं गणित असंच अडकलं. खाली ओळ होती, "वेग काढायचाय, वर्गसमीकरणानं". तिला एवढं आठवत होतं की गाडी काहीतरी अंतर जाते, वेग ताशी १० किमीनं जास्त असता तर १ तास कमी लागला असता. अंतर आठवत नव्हतं, पण चौकटीत तीन आकडी संख्या अंधूक दिसत होती, पहिला २, शेवटचा ०, मधला पुसट.

म्हणजे अंतर २०० ते २९० मधलं, दहाच पर्याय. मूळ वेग x आणि अंतर D धरलं तर:

```
D/x − D/(x+10) = 1
x² + 10x − 10D = 0
```

शाळेच्या गणितात वेग बहुतेक पूर्ण संख्येत येतो, आणि तो तसा यायचा तर वर्गमुळाखाली येणारं 100 + 40D पूर्ण वर्ग असायला पाहिजे. दहाही घालून बघितले. २०० ला ८१०० येतं, ते ९० चा वर्ग. २१० ला ८५००, २२० ला ८९००, असं ४०० नं वाढत २९० ला ११७००, आणि यातलं ८१०० सोडून एकही पूर्ण वर्ग नाही. म्हणजे अंतर २०० किमी, वेग ४०. ताळा करा, ४० नं ५ तास, ५० नं ४ तास, एक तास कमी, जमलं.

पण इथं एक खोच आहे. हे सगळं त्या १० वर उभं आहे, आणि तो आकडा तिच्या आठवणीतला. तिला मी विचारलं, १० नक्की काय गं, की ५? तर म्हणाली, "तसं नक्की नाही ओ टीचर." ५ धरून बघितलं तर 25 + 20D पूर्ण वर्ग पाहिजे, आणि आता २१० पण बसतं, वेग ३०, आणि २८० पण बसतं, वेग ३५. म्हणजे एका आकड्याचा संशय आला आणि एकाची तीन गणितं झाली, तिन्ही बरोबर, आणि मैत्रिणीनं विचारलेलं त्यातलं कुठलं ते सांगायला आता समीकरणाकडं काही उरलेलं नाही. अशा वेळी अंदाजानं एक धरून सोडवू नका. फोटो जायला नेट लागतं पण एवढं विचारायला साधा कॉल पुरतो. लागला, मैत्रीण म्हणाली दहाच, मग २०० वर शिक्का.

ही युक्ती वर्गसमीकरणाच्या शाब्दिक गणिताला चालते कारण तिथं आकडे एकमेकांना बांधलेले असतात. भूमितीची आकृती असेल आणि कुठला कोन दिलाय तेच दिसत नसेल तर असलं काही चालत नाही. तिथं मूळ वहीचं पानच पाहिजे, आणि वहीवर फळ्यावरून उतरवलं की पुस्तकातून ते विचारा, पुस्तकातलं असेल तर फोटोची गरजच नाही. फोटो पाठवणाऱ्यांना मी आता एकच सांगून ठेवलंय, खालच्या ओळीत "हे कसं सोडवायचं" लिहू नका, आकडे लिहा, "२०० किमी, १० जास्त, १ तास कमी, वेग?" एवढं. फाईल हरवली तरी ती ओळ चौकटीखाली राहते. टायमर असेल तर ती पण जाते, म्हणून अभ्यासाच्या ग्रुपवर टायमर बंद, आणि ग्रुप सेटिंगमध्ये तो बदलायचा हक्क फक्त ॲडमिनला.