सार्वभौमत्व

सार्वभौमत्व : राज्याच्या हद्दीत शेवटचा शब्द ज्याचा, त्याची ती सत्ता. ‘सार्वभौम’ हे मुळात सम्राटाचे बिरुद. सर्व भूमीचा जो स्वामी, तो सार्वभौम. म्हणजे त्याच्या बरोबरीचा दुसरा कोणी नसणे हे या शब्दातच गृहीत होते. आधुनिक राज्यशास्त्राने नेमके याच्या उलट गृहीतक धरले. आज जगात दोनशेच्या आसपास सार्वभौम राज्ये आहेत आणि संयुक्त राष्ट्रांच्या सनदेनुसार ती सारी एकमेकांच्या बरोबरीची आहेत. प्रत्येक जण आपापल्या कुंपणात चक्रवर्ती, कुंपणाबाहेर मात्र इतरांसारखाच एक.

या संकल्पनेला शास्त्रीय रूप दिले ते फ्रेंच विधिज्ञ झां बोदँ याने, 1576 मध्ये. धार्मिक यादवीत होरपळणाऱ्या फ्रान्सला सावरायचे, तर कायदा करण्याची अखंड आणि अविभाज्य सत्ता एकाच ठिकाणी असली पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद होता. 1648 चा वेस्टफालियाचा तह हा सार्वभौम राज्यांचा जन्मदाखला मानण्याची प्रथा आहे. तहाच्या कलमांत मात्र असे सिद्धांत फारसे सापडत नाहीत. तो अर्थ नंतरच्या लोकांनी त्याला चिकटवला.

सार्वभौमत्वाच्या दोन बाजू असतात. हद्दीच्या आत सर्वांवर चालणारी सत्ता ही अंतर्गत बाजू, तर बाहेरच्या कोणाचाही हुकूम न मानणे ही बाह्य बाजू. ब्रिटिश अमलातल्या कोल्हापूर संस्थानाचा दरबार, न्यायालये आणि महसूल स्वतःचा होता. परराष्ट्र व्यवहार मात्र पूर्णपणे इंग्रजांच्या हाती होता. पहिली बाजू बरीचशी शाबूत आणि दुसरी नाहीशी झालेली, अशी ती अवस्था होती. आजच्या वादांत आणखी एक फरक ध्यानात ठेवावा लागतो : कायद्याने शेवटचा शब्द आपला असणे वेगळे आणि त्या शब्दाने हवे ते घडवून आणता येणे वेगळे. अधिराष्ट्रीय संस्था पहिल्या गोष्टीला हात घालतात, जागतिकीकरण प्रामुख्याने दुसरीला.

अधिराष्ट्रीय संस्था म्हणजे जिचे नियम सदस्य देशांच्या न्यायालयांत थेट लागू होतात आणि बहुमताने झालेला जिचा निर्णय नको म्हणणाऱ्या देशालाही बांधतो, अशी संस्था. संयुक्त राष्ट्रांची आमसभा या अर्थाने अधिराष्ट्रीय नाही, युरोपीय संघ आहे. मजा अशी की सदस्य देशांच्या कायद्यावर युरोपीय कायद्याचे वर्चस्व राहील, असे मूळ करारात कोठेही लिहिलेले नव्हते. 1964 मध्ये एका किरकोळ वीजबिलाच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने ते सांगून टाकले. इटलीने वीज कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण केले होते. त्याच्या निषेधार्थ मिलानच्या एका वकिलाने दोन हजार लिराही न भरणारे बिल थकवले. सदस्य देशांनी करार करून आपले सार्वभौम अधिकार कायमचे मर्यादित केले आहेत, तेव्हा नंतरच्या राष्ट्रीय कायद्याने ते माघारी घेता येणार नाहीत, असे न्यायालय म्हणाले.

या वाक्याचा खरा अर्थ कळायला आणखी पाव शतक जावे लागले, आणि तो कळला मासेमारी जहाजांच्या खटल्यात. ‘फॅक्टरटेम’ या नावाने तो ओळखला जातो. 1983 पासून युरोपीय संघाचा पूर्वावतार असलेल्या युरोपीय समुदायात दर जातीच्या माशांसाठी प्रत्येक देशाचा कोटा ठरू लागला, आणि जहाज कोणाच्या कोट्यात धरायचे हे त्याच्या झेंड्यावरून ठरे. स्पेनचा मच्छीमार ताफा मोठा आणि वाट्याला आलेला कोटा तोकडा. तेव्हा स्पॅनिश मालकांनी ब्रिटनमध्ये कंपन्या काढल्या आणि त्यांच्या नावावर जहाजांची नोंदणी केली. झेंडा ब्रिटिश, मासे ब्रिटिश कोट्यातले. मालक, खलाशी आणि विक्रीचा बाजार बहुतेक स्पेनचाच. कोट्यावरच्या या उडीने ब्रिटिश मच्छीमार चिडले, आणि त्यांचा राग समजण्यासारखा होता.

संसदेने 1988 मध्ये नौकानयनाचा नवा कायदा केला. जहाज ब्रिटिश ठरायचे, तर कंपनीचे किमान 75 टक्के भागांचे मालक आणि तितकेच संचालक ब्रिटनमध्ये राहणारे ब्रिटिश नागरिक असावेत, अशी अट घातली गेली. जुनी नोंदणी 31 मार्च 1989 नंतर बाद होणार होती. 95 जहाजांचे मालक न्यायालयात गेले. युरोपीय करारानुसार राष्ट्रीयत्वावरून भेदभाव करता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. मूळ प्रश्नाचा निकाल युरोपीय न्यायालयाकडून यायला दोन वर्षे लागणार होती. तोवर जहाजे बंदरात गंजत पडली, तर खटला जिंकूनही मालक बुडाले असते. म्हणून त्यांनी अंतरिम स्थगिती मागितली.

पेच उभा राहिला तो इथे. ब्रिटनची राज्यघटना एका ग्रंथात लिहिलेली नाही. तिचा मुख्य खांब म्हणजे संसदेचे सार्वभौमत्व. संसद कोणताही कायदा करू शकते, मोडू शकते, आणि तिचा कायदा बाजूला ठेवण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयाला नाही. शिवाय राजसत्तेविरुद्ध असा मनाई हुकूमही देता येत नसे. त्या काळी देशाचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने मे 1989 मध्ये सरळ सांगितले की इंग्लिश कायद्यानुसार आमचे हात बांधलेले आहेत, पण युरोपीय कायदा ते सोडवतो का, हे युरोपीय न्यायालयाला विचारू. 19 जून 1990 रोजी उत्तर आले : युरोपीय कायद्याने दिलेल्या हक्काच्या आड येणारा एकमेव अडथळा राष्ट्रीय नियमाचा असेल, तर न्यायाधीशाने तो नियमच बाजूला ठेवावा. लॉर्ड्सनी त्याप्रमाणे अंतरिम मनाई हुकूम दिला आणि संसदेने रीतसर मंजूर केलेला कायदा ब्रिटिश न्यायाधीशांनीच थोपवून धरला.

लॉर्ड ब्रिज या न्यायाधीशांनी या निकालात दिलेले कारण महत्त्वाचे आहे. 1972 चा युरोपीय समुदाय कायदा करताना संसदेने आपल्या सार्वभौमत्वावर जी मर्यादा मान्य केली, ती पूर्णपणे स्वेच्छेने केली, असे ते म्हणाले. म्हणजे ब्रुसेल्सने सत्ता हिसकावली नव्हती. संसदेने आपल्याच न्यायाधीशांना अठरा वर्षांपूर्वी दिलेला आदेश ते पाळत होते. हा बचाव तर्काने पक्का आहे, पण तेवढ्यावर समाधान मानणे कठीण. 1972 मध्ये मत देणाऱ्या खासदारांपैकी किती जणांच्या मनात मासेमारीच्या ट्रॉलरचा असा खटला आला असेल? पुढे 1991 मध्ये राष्ट्रीयत्वाच्या अटी अवैध ठरल्या, नंतर नुकसानभरपाईची जबाबदारीही ब्रिटनवर आली आणि सरकारने मोठी रक्कम देऊन प्रकरण मिटवले.

सगळ्या सदस्य देशांनी हे वर्चस्व बिनशर्त मानले, असे मात्र नाही. युरोपीय संस्थांनी सोपवलेल्या अधिकारांची मर्यादा ओलांडली का, हे आम्ही तपासू, अशी भूमिका जर्मनीच्या घटना न्यायालयाने घेतली आणि 5 मे 2020 रोजी युरोपीय न्यायालयाचा एक निकाल अधिकाराबाहेरचा ठरवला. तेव्हा शेवटचा शब्द कोणाचा, या प्रश्नाला युरोपात दोन न्यायालये दोन उत्तरे देतात, आणि बहुतेक दिवस दोन्ही पक्ष तो प्रश्न टोकाला न नेण्याची खबरदारी घेतात.

ब्रिटनने मात्र तो टोकाला नेला. 2016 च्या सार्वमतानंतर 31 जानेवारी 2020 रोजी तो युरोपीय संघातून बाहेर पडला. संसद सार्वभौम आहे, असे कलम 2020 च्या कायद्यात मुद्दाम घातले गेले; आपण सार्वभौम आहोत हे कायद्यात लिहून ठेवावेसे वाटणे हेच पुरेसे बोलके आहे. कायद्यातला शेवटचा शब्द परत मिळाला, यात शंका नाही. समुद्रावर काय झाले? ब्रिटिश जाळ्यात येणाऱ्या माशांचा मोठा हिस्सा युरोपातच विकला जातो. बाजारपेठ हवी, म्हणून 2020 अखेरच्या व्यापार करारात युरोपीय जहाजांना ब्रिटिश पाण्यात येऊ देणे भाग पडले. मे 2025 मध्ये ती मुभा 2038 पर्यंत वाढवण्यावर सहमती झाली. शिंपले आणि ताजी मासळी पाठवणाऱ्यांच्या मानगुटीवर आरोग्य प्रमाणपत्रांचे कागद बसले. परदेशी मालकीची, ब्रिटिश झेंड्याची जहाजे आजही ब्रिटिश कोट्यावर मासे धरतात.

भारत कोणत्याही अधिराष्ट्रीय संघाचा सदस्य नाही, तरी त्यालाही या प्रश्नाची झळ लागली ती गुंतवणूक करारांतून. 1994 मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारात भारताने गुंतवणूकदाराला न्याय्य वागणूक देण्याची आणि वाद झाल्यास आंतरराष्ट्रीय लवादापुढे उभे राहण्याची हमी दिली होती. अशा करारांकडे तेव्हा कोणाचे फारसे लक्ष नव्हते. जानेवारी 2012 मध्ये व्होडाफोनच्या कराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या विरोधात निकाल दिला, तेव्हा संसदेने त्याच वर्षी आयकर कायदा पूर्वलक्षी प्रभावाने, थेट 1962 पासून, बदलला. देशाच्या आत हा शेवटचा शब्द होता. त्याच तरतुदीवरून 2006 मधल्या अंतर्गत फेररचनेबद्दल केर्न एनर्जी या ब्रिटिश तेल कंपनीकडे 10 हजार कोटींहून अधिक कर मागितला गेला आणि तिचे भारतातले समभाग विकून वसुलीही झाली.

केर्न लवादात गेली. डिसेंबर 2020 मध्ये लवादाच्या तीन पंचांनी, ज्यांत भारताने नेमलेला एक होता, एकमताने निवाडा दिला की करारातील हमीचा भंग झाला असून भारताने सुमारे 120 कोटी डॉलर द्यावेत. कर बसवण्याचा भारताचा अधिकार त्यांनी नाकारला नाही. त्या अधिकाराच्या वापराची किंमत ठरवली. दिल्लीत येऊन कायदा रद्द करणे लवादाला शक्य नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. निवाडा हाती असला की देशोदेशीच्या न्यायालयांत जाऊन भारत सरकारच्या व्यापारी मालमत्तेवर हक्क सांगता येतो. कंपनीने न्यूयॉर्कमध्ये एअर इंडियाविरुद्ध दावा लावला आणि जुलै 2021 मध्ये फ्रेंच न्यायालयाच्या आदेशाने मध्य पॅरिसमधल्या भारत सरकारच्या वीसेक मालमत्तांवर, ज्यांत बहुतांश सदनिका होत्या, टाच आली. महिनाभरात, ऑगस्टमध्ये, संसदेने पूर्वलक्षी कराची मागणी मागे घेणारा कायदा केला. वसूल केलेली रक्कम बिनव्याजी परत द्यायची, त्या बदल्यात कंपनीने सारे दावे सोडायचे, असे ठरले आणि सुमारे 7,900 कोटी रुपये परत गेले.

करारातून बाहेर पडण्याचा अधिकार भारताने यापूर्वीच वापरला होता. गुंतवणूक करारांच्या 2015 च्या नव्या नमुन्यात कराचे विषय लवादाबाहेर ठेवले गेले आणि आधी पाच वर्षे भारतीय न्यायालयांत दाद मागण्याची अट आली. त्यानंतर बहुतेक जुने करार संपुष्टात आणले गेले. पण संपलेल्या करारांतही आधीच्या गुंतवणुकीला पुढची दहा-पंधरा वर्षे संरक्षण देणारे शेपूटकलम बहुधा असतेच. शिवाय नवा नमुना स्वीकारायला भांडवल पुरवणारे देश फारसे उत्सुक दिसले नाहीत. संयुक्त अरब अमिरातीशी 2024 मध्ये झालेल्या करारात पाच वर्षांची अट तीनवर आली.